पाकिटाचे वेळापत्रक आणि रक्तस्राव : गर्भनिरोधक गोळ्यांचे पहिले तीन महिने

गर्भनिरोधक गोळ्या सुरू केलेल्या अनेक स्त्रिया पहिल्या दोन-तीन महिन्यांतच त्या सोडून देतात, आणि त्यामागे पुष्कळदा मळमळ किंवा डोकेदुखी नसून मधूनच पडणारे रक्ताचे डाग, नेहमीपेक्षा फारच कमी आलेली पाळी किंवा अजिबात न आलेली पाळी हे कारण असते. हे बदल गोळीच्या कार्यपद्धतीतूनच उद्भवतात आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. परंतु त्यांचा अर्थ आधी सांगितला गेला नाही, तर गोळी अंगाला लागली नाही किंवा पोटात काही बिघडले असा समज होतो आणि पाकीट अर्ध्यावर बंद केले जाते. येथे विवेचनासाठी सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळणारी ‘माला-एन’ ही गोळी घेतली आहे, कारण तिची रचना सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मिश्र गोळ्यांची प्रातिनिधिक रचना आहे.

या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत दोन संप्रेरके, म्हणजे शरीरातील ग्रंथींच्या स्रावांसारखे कार्य करणारी रसायने, असतात : ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन. प्रोजेस्टिन म्हणजे प्रोजेस्टेरॉन या नैसर्गिक संप्रेरकासारखे कार्य करणारे कृत्रिम द्रव्य होय. उरलेल्या ७ गडद रंगाच्या गोळ्यांत केवळ लोह असते, संप्रेरक नसते. रोज एक गोळी घेण्याची सवय मोडू नये आणि रक्तातील लोहाला थोडी भर मिळावी, एवढाच त्यांचा हेतू आहे. गर्भनिरोधाचे काम पहिल्या २१ गोळ्या करतात, आणि त्या नीट घेतल्या असतील तर लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यातही संरक्षण कायम राहते.

गोळी न घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरात दर महिन्याला इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते, बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते, त्यानंतर प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराला गर्भधारणेसाठी तयार करते, आणि गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरके उतरून ते अस्तर रक्तासह गळून पडते. हीच नैसर्गिक पाळी. मिश्र गोळी घेत असताना ही साखळी पहिल्याच टप्प्यावर थांबते : स्त्रीबीज बाहेर पडत नाही, आणि गोळीतील प्रोजेस्टिनच्या सततच्या प्रभावामुळे अस्तर वाढण्याऐवजी पातळच राहते. एकविसावी गोळी संपून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, की बाहेरून मिळणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाण दोन-तीन दिवसांत घसरते, त्या पातळ अस्तराचा आधार जातो आणि ते थोड्याशा रक्तासह गळते. वैद्यकात या रक्तस्रावाला ‘विथड्रॉवल ब्लीडिंग’ म्हणतात. संप्रेरकांच्या विरामामुळे होतो म्हणून त्याला येथे सोयीसाठी ‘विरामस्राव’ म्हटले आहे. तो पाळीसारखा दिसतो, पाळीच्याच अंतराने येतो, तरीही तो पाळी नव्हे.

महाराष्ट्रातील अनेक घरांत ही गोष्ट दुसऱ्या रूपाने परिचित आहे. पूजा, लग्न किंवा यात्रा यांसाठी पाळी पुढे ढकलण्याकरिता ज्या गोळ्या घेतल्या जातात, त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टिन असते. त्या गोळ्या सुरू असेपर्यंत रक्तस्राव होत नाही आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत तो सुरू होतो. गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटात हाच विराम दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम ठेवलेला असतो. (पाळी लांबवण्याच्या गोळ्या चार-आठ दिवस घेतल्याने गर्भनिरोध साधत नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे, कारण दोन्हींची गल्लत सर्रास होते.)

हा विराम शरीराची गरज म्हणून ठेवलेला नाही. अमेरिकेत १९६० साली ‘एनोव्हिड’ या गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली, तेव्हाच तिच्या वापरात मध्ये काही दिवस खंड ठेवण्याची पद्धत होती, आणि ग्रेगरी पिंकस व जॉन रॉक या तिच्या संशोधकांना त्यातून स्त्रीला परिचित असे मासिक चक्र राखायचे होते. म्हणूनच विरामस्राव कमी झाला किंवा झालाच नाही, तर ‘रक्त पोटात साचून राहिले’ ही भीती निराधार ठरते. अस्तर मुळात वाढलेलेच नसल्यामुळे साचण्यासारखे काही नसते. ज्या स्त्रियांना पूर्वी पाच-सहा दिवस भरपूर रक्तस्राव होत असे, त्यांना गोळीवर दोन-तीन दिवस आणि कधी केवळ तपकिरी डागांपुरता रक्तस्राव होणे हे अपेक्षित आहे, आणि रक्तक्षय असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने तर तो लाभच आहे.

विरामस्रावाची वेळ आधी सांगता येते. मधूनच होणाऱ्या रक्तस्रावाची सांगता येत नाही, आणि अस्वस्थता त्यातूनच निर्माण होते. संप्रेरकांच्या २१ गोळ्या सुरू असताना अंगावरून लाल किंवा तपकिरी जाणे याचे दोन प्रकार मानले जातात : ज्यासाठी पॅडची गरज भासत नाही असे डाग, आणि ज्यासाठी पॅड घ्यावे लागते असा रक्तस्राव. दोहोंचे मूळ एकच असते. पहिल्या महिन्यांत पूर्वीचे जाड अस्तर जाऊन त्याच्या जागी पातळ अस्तर येत असते; या संक्रमणात अस्तराच्या पृष्ठभागाजवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंद व नाजूक होतात आणि किरकोळ कारणानेही पाझरतात, तर गोळीतील अल्प इस्ट्रोजेन त्या पाझराची दुरुस्ती लगेच करू शकत नाही. इस्ट्रोजेनची मात्रा जितकी कमी, तितके असे डाग अधिक आढळतात, म्हणून ०.०२ मिलिग्रॅम इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर त्यांचे प्रमाण थोडे जास्त असते. साधारण तिसऱ्या पाकिटापर्यंत अस्तर नव्या स्थितीत स्थिरावते आणि बहुतेक स्त्रियांचे डाग आपोआप कमी होतात किंवा थांबतात.

गोळ्या नियमित घेतल्या जात असतील, तर या डागांचा अर्थ गोळीचा परिणाम कमी पडतो आहे असा होत नाही. स्त्रीबीज रोखण्याचे काम मेंदूतील पीयूषिका ग्रंथी आणि बीजांडकोश यांच्या पातळीवर चाललेले असते. अस्तरातील नाजूक रक्तवाहिन्या पाझरल्या म्हणून त्या कामात व्यत्यय येत नाही. उलट, डाग दिसताच घाबरून गोळी बंद करणे ही सर्वांत नुकसानकारक कृती ठरते, कारण बंद करताच विराम सुरू होतो, दोन-तीन दिवसांत अधिक रक्त जाते आणि त्याबरोबर गर्भधारणेची शक्यताही उघडी पडते. डाग असले तरी ठरलेल्या वेळी पुढची गोळी घेत राहणे, हाच पहिल्या तीन महिन्यांतील मुख्य उपाय आहे.

हे सर्व प्रत्यक्ष कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणाच्या तारखांवरून समजून घेता येईल. एखाद्या स्त्रीची पाळी २ जूनला आली आणि तिने त्याच रात्री जेवणानंतर पहिली गोळी घेतली, असे धरू. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत गोळी सुरू केल्यास संरक्षण लगेच मिळते. तिच्या संप्रेरकाच्या गोळ्या २२ जूनला संपतील आणि २३ ते २९ जून हे लोहाच्या गोळ्यांचे दिवस असतील. या पहिल्या पाकिटात ११ ते १४ जून या काळात तिला तपकिरी डाग पडले. एकही गोळी चुकलेली नव्हती, म्हणून ती गोळ्या घेत राहिली आणि डाग थांबले. विरामस्राव २५ जूनला सुरू झाला आणि पूर्वीच्या पाळीपेक्षा कमी होता. ३० जूनलाही थोडे रक्त जात होते, तरीही नवे पाकीट त्याच दिवशी सुरू करणे आवश्यक होते. अनेक स्त्रिया रक्त पूर्ण थांबण्याची वाट पाहतात आणि नेमके तेथेच चुकतात. नवे पाकीट कधी सुरू करायचे ते अठ्ठावीस दिवसांची मोजणी ठरवते, रक्त थांबले की नाही यावर ते ठरत नाही.

दुसऱ्या पाकिटात ही स्त्री घरातील आजारपणासाठी गावी गेली आणि पाकीट घरीच राहिल्यामुळे ८ व ९ जुलैच्या, म्हणजे नवव्या आणि दहाव्या, गोळ्या राहिल्या. १० जुलैला सकाळी परतल्यावर तिने राहिलेल्यांपैकी एक गोळी लगेच घेतली, त्या रात्रीची गोळी नेहमीच्या वेळी घेतली आणि दुसरी राहिलेली गोळी सोडून दिली. त्याच दिवशी तिला रक्ताचे डाग दिसू लागले व ते दोन-तीन दिवस राहिले. जूनमधील डाग आणि हे डाग दिसायला सारखेच असले, तरी त्यांचे कारण वेगळे आहे : जूनमध्ये अस्तर स्थिरावत होते, तर जुलैमध्ये दोन गोळ्या राहिल्याने संप्रेरके उतरून एक छोटा अनपेक्षित विराम तयार झाला. म्हणून डाग दिसल्यावर गेल्या आठवड्यातील सर्व गोळ्या वेळेवर घेतल्या गेल्या का, हे पाकिटावरील रिकाम्या घरांवरून सर्वप्रथम तपासावे.

राहिलेल्या गोळ्यांचे नियम समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे : बीजांडकोश संप्रेरकांविना सात दिवस राहू शकतो, त्यापलीकडे तो जागा होऊ लागतो. एक गोळी राहिली, तर ती आठवताच घ्यावी आणि पुढच्या नेहमीप्रमाणे चालू ठेवाव्यात. एका दिवशी दोन गोळ्या पडल्या तरी चालते. सलग दोन वा अधिक संप्रेरक गोळ्या राहिल्या, तर वरीलप्रमाणे गोळी सुरू करून पुढचे सात दिवस निरोधही वापरावा. काही मार्गदर्शिका दोन गोळ्या राहिल्या तरी निरोधाची सक्ती करत नाहीत, परंतु मात्रा कमी असलेल्या आजच्या गोळ्यांबाबत कडक नियम पाळणे हिताचे आहे. गोळ्या तिसऱ्या आठवड्यात राहिल्या असतील, तर लोहाच्या गोळ्या वगळून लगेच नवे पाकीट सुरू करावे, अन्यथा राहिलेले दिवस विरामाला जोडले जाऊन तो सात दिवसांहून लांबतो. पहिल्या आठवड्यात राहिल्या आणि मागील पाच दिवसांत संबंध आले असतील, तर तातडीच्या गर्भनिरोधाबद्दल डॉक्टरांना त्वरित विचारावे. उदाहरणातील स्त्रीच्या गोळ्या दुसऱ्या आठवड्यात, आधीच्या आठ नियमित गोळ्यांनंतर राहिल्या, म्हणून तिला सात दिवसांची खबरदारी पुरेशी होती.

तिच्या तिसऱ्या पाकिटात, २८ जुलैपासून, डाग पडले नाहीत. परंतु १८ ते २४ ऑगस्ट या लोहाच्या आठवड्यात विरामस्रावही झाला नाही. सर्व गोळ्या वेळेवर घेतलेल्या स्त्रीला एखादा विरामस्राव न होणे हे अस्तर अतिशय पातळ झाल्याचे लक्षण असते आणि त्यासाठी काही करावे लागत नाही. येथे मात्र जुलैत दोन गोळ्या राहिलेल्या असल्याने २२ ऑगस्टला लघवीची गर्भचाचणी करणे योग्य होते. शंकास्पद संबंधानंतर २१ दिवस उलटून गेले की ही चाचणी विश्वासार्ह मानता येते. ‘निश्चय’ हा चाचणी-संच सरकारी आरोग्यसेवेत आशा सेविकांकडूनही मिळतो. चाचणी नकारार्थी आली आणि २५ ऑगस्टला नवे पाकीट वेळेवर सुरू झाले. गोळ्या चुकलेल्या असतील किंवा सलग दोन विरामस्राव झाले नसतील, तर चाचणी करावीच. मात्र निकाल हाती येईपर्यंत गोळ्या थांबवू नयेत, कारण अजाणता गरोदरपणाच्या आरंभी मिश्र गोळ्या घेतल्या गेल्याने गर्भाला अपाय झाल्याचे आढळलेले नाही. याउलट, थोडे रक्त गेले म्हणजे गर्भ नाहीच, असेही मानू नये. गरोदरपणाच्या आरंभीही कधी कधी डाग पडतात.

गोळ्या एकही न चुकता डाग सुरू राहिले, तर आणखी काही कारणे शोधावी लागतात. गोळी घेतल्यानंतर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गोळी पोटात राहिली नाही असे समजून दुसरी घ्यावी. एक दिवसापेक्षा अधिक काळ तीव्र जुलाब झाले, तर ते दिवस राहिलेल्या गोळ्यांसारखे मोजावेत. काही औषधे यकृताकडून संप्रेरकांचा निचरा वेगाने करवतात, आणि त्यांत क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तसेच फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटोन यांचा समावेश होतो. क्षयरोगाचे उपचार सुरू झालेल्या स्त्रीला अचानक डाग पडू लागले, तर तेथे डाग हा खरोखरच गोळीचा प्रभाव घटल्याचा इशारा असू शकतो. तिने केवळ गोळीवर विसंबू नये आणि दुसऱ्या साधनाविषयी डॉक्टरांशी बोलावे. सर्दी-खोकल्यासाठी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रतिजैविकांचा असा परिणाम होत नाही. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांतही मधला रक्तस्राव अधिक दिसतो, आणि वयाच्या पस्तिशीनंतर धूम्रपान असेल तर मिश्र गोळी घेऊच नये.

तीन महिन्यांनंतरही डाग थांबले नाहीत, किंवा अनेक महिने सुरळीत गेल्यानंतर ते नव्याने सुरू झाले, तर ‘गोळीमुळेच होत असेल’ असे गृहीत धरणे चुकीचे आहे. गर्भाशयमुखाची सूज, क्लॅमिडियासारखा संसर्ग, गर्भाशयमुखावरील मांसल गाठ आणि क्वचित तेथील कर्करोग हेही अशाच रक्तस्रावातून प्रकट होतात, आणि संबंधानंतर होणारा रक्तस्राव हे त्यांचे विशेष चिन्ह असते. असा रक्तस्राव पहिल्या तीन महिन्यांत दिसला तरी तपासणी लांबवू नये. तासाला एक पॅड पूर्ण भिजणे आणि तसे दोन तासांहून अधिक चालणे, आठ दिवसांपेक्षा जास्त रक्त जाणे, ओटीपोटात तीव्र वेदना किंवा ताप असणे, चक्कर येणे, ही दवाखान्यात जाण्याची कारणे आहेत. तपासणीत दुसरे काही आढळले नाही, तर डॉक्टर काही दिवस आयबुप्रोफेनसारखे औषध देतात किंवा इस्ट्रोजेनची मात्रा वा प्रोजेस्टिनचा प्रकार वेगळा असलेली गोळी सुचवतात; ही गोळी बदलल्यावरही तिला पुन्हा सुमारे तीन महिन्यांचा अवधी द्यावा लागतो, म्हणून दर महिन्याला पाकीट बदलत राहण्याने काही साधत नाही.

विराम शरीराची गरज नसल्यामुळे तो वगळताही येतो. सण किंवा परीक्षेच्या दिवसांत रक्तस्राव नको असेल, तर मिश्र गोळी घेणाऱ्या स्त्रीने वेगळ्या गोळ्या आणण्याची आवश्यकता नाही. लोहाच्या सात गोळ्या सोडून पुढच्या पाकिटातील पहिली संप्रेरक गोळी सुरू केली, की तो विरामस्राव टळतो. सलग दोन-तीन पाकिटे अशी घेतल्यास मध्येच डाग पडण्याची शक्यता वाढते, आणि असे डाग त्रासदायक ठरल्यास, निदान २१ संप्रेरक गोळ्या सलग झालेल्या असतील तर, तीन-चार दिवसांचा विराम घेऊन पुन्हा सुरुवात करता येते. हा विराम सात दिवसांपलीकडे कधीही जाऊ देऊ नये.

वरील वेळापत्रक केवळ मिश्र गोळ्यांना लागू होते. स्तनपान करणाऱ्या मातांना पहिल्या सहा महिन्यांत दिली जाणारी फक्त प्रोजेस्टिन असलेली गोळी अखंड घ्यायची असते, तीत विरामाचा आठवडा नसतो, आणि म्हणून तिच्यावर रक्तस्राव कधी येईल हे सांगता येत नाही. काहींना वारंवार डाग पडतात, काहींची पाळी महिनोन्‌महिने येत नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झालेली आणि आता ‘छाया’ या नावाने मिळणारी आठवड्याची गोळी तर संप्रेरकयुक्तच नाही. तिच्यामुळे विशेषतः आरंभीच्या महिन्यांत पाळी लांबते, परंतु त्या पाळीला विरामस्रावाचे नियम लावता येत नाहीत.

मिश्र गोळी कायमची बंद केल्यावर दोन-चार दिवसांत जो रक्तस्राव होतो, तोही विरामस्रावच असतो. त्यानंतरची पहिली खरी पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते, पण तिच्या आधीच स्त्रीबीज बाहेर पडलेले असू शकते, म्हणून मूल नको असेल तर दुसरे साधन गोळी बंद करण्याच्या दिवसापासूनच वापरावे लागते. गर्भचाचणी नकारार्थी असूनही तीन महिन्यांत पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. गोळी सुरू करण्यापूर्वी पाळी अनियमित होती का, हे तेव्हा आवर्जून सांगावे, कारण गोळीच्या काळात दर अठ्ठावीस दिवसांनी आलेल्या विरामस्रावामुळे ती जुनी अनियमितता झाकलेली असते आणि गोळी थांबल्यावर पुन्हा दिसू लागते.